धडा उलट्या बाजूने उघडा

श्रोतेहो, नमस्कार.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्राचं पुस्तक डोळ्यांसमोर आणा. ‘मागणीची लवचिकता’ हा धडा, म्हणजे भाव बदलला की खप किती बदलतो याचा, तीसेक पानं. पहिल्या ओळीपासून वाचायला बसलं की आठव्या पानावर डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि मन भलतीकडेच जातं. कॉलेजात असताना मी यावर पिवळ्या मार्करचा उपाय शोधला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडलं, तर पानंच्या पानं हळदीला बसलेली! महत्त्वाचं कुठलं आणि भरताड कुठली, काही कळेना.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी 1946 मध्ये यासाठी एक पद्धत मांडली. तिचं नाव एसक्यूथ्रीआर. आधी पाहणी, मग प्रश्न, मग वाचन, मग पुस्तक मिटून सांगणं आणि शेवटी उजळणी. माझ्या मते यातला जीव प्रश्नात आहे, म्हणून आज त्याच्यावरच रेंगाळतो.

पाहणीला दहा मिनिटं पुरेत, आणि ती धड्याच्या शेवटाकडून करा. आधी स्वाध्याय, मग सारांश, मग शीर्षकं आणि आलेख. आपल्या धड्यात व्याख्या, प्रकार, मोजण्याच्या पद्धती, लवचिकता ठरवणारे घटक अशी शीर्षकं दिसतील. स्वाध्यायात मोजण्याच्या पद्धतींवर उदाहरणं असली, तर वेळ कुठे घालवायचा ते तिथेच समजलं.

आता प्रश्न. बहुतेक जण शीर्षकाला ‘म्हणजे काय’ जोडून मोकळे होतात. ‘एकूण प्राप्ती पद्धत म्हणजे काय?’ या प्रश्नाला पुस्तकातली व्याख्या उतरवली की उत्तर झालं, डोक्याला काही कामच उरलं नाही. त्याऐवजी असं विचारा: भाव वाढवला तर दुकानदाराचा गल्ला वाढेल की घटेल? आता वाचताना नजर काहीतरी शोधू लागते.

एवढाच भाग वाचा, दोन-तीन पानं, आणि पुस्तक मिटा. मिटायचं म्हणजे खरंच मिटायचं, बोट घालून ठेवायचं नाही. मग स्वतःच्या आकड्यांनी उत्तर सांगून बघा. वही 10 रुपयांची, रोज 100 खपतात, गल्ला 1000 रुपये. भाव 12 केला, म्हणजे 20 टक्के वाढ. खप 90 वर आला, म्हणजे 10 टक्के घट. 10 भागिले 20, म्हणून लवचिकता 0.5. गल्ला 1080, म्हणजे वाढला. पण शेजारच्या दुकानात वही अजून 10 लाच मिळत असेल आणि खप 70 वर घसरला, तर लवचिकता 1.5 आणि गल्ला 840. म्हणजे भाव वाढवल्यावर खप भावापेक्षा कमी टक्क्यांनी हलला की साधारणपणे गल्ला वाढतो, जास्त हलला की घटतो. शिवाय शेजारचं दुकान आठवलं तेव्हा ‘पर्यायी वस्तूंची उपलब्धता’ हा पुढच्या भागातला घटकही हाती लागला.

टिपण आत्ता काढायचं, वाचता वाचता नाही. वाचताना काढलेलं टिपण म्हणजे बहुधा पुस्तकाची नक्कल असते. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेली पानाची आखणी इथे बरी पडते. डावीकडे अडीच इंच सोडून उभी रेघ मारा, खाली चार बोटं जागा ठेवा. डावीकडे प्रश्न, उजवीकडे वहीचं उदाहरण चार ओळींत, खाली पूर्ण पानाचं सार एका वाक्यात. उजवीकडे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरलं असेल, तर समजा की मुद्दा अजून कळलेला नाही. तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचा.

पुस्तक मिटून आठवायचा कंटाळा येतो, कारण पुन्हा वाचणं सोपं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोन संशोधकांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात सुमारे 56 टक्के राहिलं होतं, दोनदा वाचणाऱ्यांच्या 42. आपल्याला फसवतात ती हीच पाच मिनिटं.

गणिती सिद्धतेच्या पानांना मात्र ही पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे ‘या पायरीवरून पुढची कशी आली’ एवढाच प्रश्न धरा आणि सांगण्याऐवजी कोऱ्या कागदावर सोडवून बघा.

उजळणी दुसऱ्या दिवशी, पुढचा भाग उघडण्याआधी. उजवी बाजू तळहाताने झाका, डावीकडचा प्रश्न मोठ्याने वाचा. अडलात तर त्या प्रश्नापुढे पेन्सिलीने टिंब करा आणि पुढे चला. रविवारी वही उघडाल तेव्हा फक्त टिंबांची पानं बघायची. नमस्कार.