शब्द कळतात की नुसती घरघर?

रात्रीचे साडेअकरा. बेडरूममध्ये अंधार आहे. उशामागच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा हॉल आहे, तिथे टीव्हीवर बातम्या लागल्या आहेत. आणि इथे, पलंगावर, त्यातला शब्द न् शब्द कळतोय.

ही खूण महत्त्वाची आहे. बोलणं समजतं ते मुख्यतः स, श, ट, क अशा व्यंजनांमुळे. त्यांचा आवाज उंच पट्टीतला असतो. जड भिंत तो सहज अडवते. बारीक भोक मात्र तो जसाच्या तसा सोडतं. म्हणून शब्द स्पष्ट येत असतील, तर आधी भोक शोधायचं.

इथे ते सापडलं स्विचबोर्डामागे. दोन्ही घरांचे बोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले, मधली वीट फुटलेली. मोकळी जागा जेमतेम 10 चौरस सेंटीमीटर. 10 चौरस मीटरच्या भिंतीचा हा दहा हजारावा भाग. पण 50 डेसिबल अडवणारी भिंत आवाजाच्या ऊर्जेचा लाखावा भागच पलीकडे जाऊ देते. म्हणजे सगळ्या भिंतीतून जेवढी ऊर्जा येते, तिच्या दहापट एकट्या या भोकातून येते. 50 डेसिबलची भिंत 40 पर्यंत घसरते. फोमच्या चौकटी चिकटवून हे भरून निघत नाही. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, भिंतीतून येणारा आवाज नाही.

मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनने बोर्ड काढला. भोक सिमेंटने भरलं, कडा लवचीक सीलंटने बुजवल्या.

त्या रात्री शब्द विरले. उरली घरघर, संगीताचा खालचा ठोका. हा आता खरोखर भिंतीतून येणारा आवाज.

इथे बरेच जण एक चूक करतात, आणि ती महागात पडते. भिंतीपासून 1 सेंटीमीटरवर जिप्सम बोर्डाचा एक थर ठोकतात. बोर्ड आणि मधली हवा मिळून स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनासारखे हलतात, तेही 200 हर्ट्झच्या आसपास. पुरुषी आवाजाचा भारदस्तपणा नेमका तिथेच असतो. भिंत पहिल्यापेक्षा वाईट होते.

त्याऐवजी सांगाडा फक्त जमिनीला आणि छताला धरायचा, सामाईक भिंतीला अजिबात टेकू द्यायचा नाही. मधे साडेसात सेंटीमीटर पोकळी, तिच्यात खनिज लोकर, वर बोर्डाचे दोन थर. आता ते हेलकावे 50 हर्ट्झजवळ उतरतात. खोलीची 10 सेंटीमीटर रुंदी मात्र जाते.

काम काढण्याआधी बाजूच्या भिंतीलाही कान लावून पाहा. तिथेही ठोका तेवढाच ऐकू आला, तर तो स्लॅबमधून फिरून येतोय. मग या एकाच भिंतीवर केलेल्या खर्चाने फारसा फरक पडणार नाही.