काँक्रीटच्या खाली: गॅरेजच्या जमिनीची तयारी

[दृश्य: वाळूचा ढीग, फावडे, भिंतींवरील निळी रेषा]

सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशा या गॅरेजमध्ये दगडांचा थर, म्हणजे सोलिंग, घालून तो धुम्मसने ठोकून घट्ट केलेला आहे. आता त्यावर वाळू पडते आहे. तिचा थर ठोकून सुमारे पन्नास मिलिमीटरचा राहील. वजन पेलण्याचे काम सोलिंगचे आहे. वाळूने दगडांमधल्या फटी भरायच्या आणि टोकदार कडा झाकायच्या, म्हणजे वर येणारा पॉलिथिनचा कागद फाटणार नाही. वाळू किंचित ओलसर असली की नीट दबते, कोरडी असली की पायाखालून सरकते. थर फार जाड झाला तरी ती सरकते, म्हणून सोलिंगमधले मोठे खड्डे वाळूने न भरता बारीक खडीने भरून घेतलेले आहेत.

[दृश्य: ताणलेली दोरी, दोरीखाली उभी धरलेली खुणेची काठी]

भिंतीवरची निळी रेषा म्हणजे तयार जमिनीची पातळी. ही रेषा आडवी नाही. गाडीबरोबर आत आलेले पाणी बाहेर वाहून जावे म्हणून दर मीटरला दहा मिलिमीटर, म्हणजे मागच्या भिंतीपासून दारापर्यंत एकूण साठ मिलिमीटर, ती खाली उतरते. कारागीर या रेषांच्या आधारे एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत दोरी ताणतात आणि एकशे पंचवीस मिलिमीटरवर खूण केलेली काठी दोरीखाली जागोजागी उभी करून पाहतात. खूण दोरीच्या वर गेली, तर तिथे वाळूचा उंचवटा आहे आणि काँक्रीट कमी पडणार आहे.

या काठीकडे नीट पाहावे, कारण उतार फक्त वरच्या पृष्ठभागाला द्यायचा आणि वाळू मात्र सपाट ठेवायची, ही चूक अनेक ठिकाणी होते. तसे झाले, तर मागच्या भिंतीपाशी एकशे पंचवीस मिलिमीटर असलेले काँक्रीट दारापाशी जेमतेम पासष्ट मिलिमीटर उरते. वाकण्याला विरोध करण्याची स्लॅबची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे निम्म्याहून थोडी अधिक जाडी उरली तरी ताकद मात्र जवळपास चौथा हिस्साच राहते. आणि गाडीची चाके नेमकी त्याच कडेवरून आत चढतात. म्हणून येथे सोलिंगपासूनच साठ मिलिमीटरचा उतार दिलेला आहे आणि वाळूचा थर सर्वत्र सारखा आहे. हिशेबाने काँक्रीट सव्वादोन घनमीटर लागते. सपाट वाळूवर सुमारे अर्धा घनमीटर वाचले असते, आणि त्या बचतीपायी दाराशी तडे गेले असते.

[दृश्य: काळ्या कागदाची गुंडाळी उलगडते, कोपऱ्यातील घडी]

हा पॉलिथिनचा कागद तीनशे मायक्रॉनचा आहे. बाजारातील पातळ कागदाला त्यावरून चालतानाच भोके पडतात. चार मीटर रुंदीचा एकच पट्टा घेतल्यामुळे मध्ये सांधा येत नाही आणि दोन्ही भिंतींवर अर्धा मीटर कागद चढवता येतो. सांधा घ्यावाच लागला, तर दोन कागद तीनशे मिलिमीटर एकमेकांवर घेऊन टेपने चिकटवायचे असतात. भिंतीवर चढलेली कड भिंतीतील ओलरोधक थरापर्यंत पोहोचली पाहिजे, नाहीतर जमिनीतली ओल काँक्रीटला वळसा घालून कडेने वर येते. कोपऱ्यात कागद कापायचा नाही, पाकिटाच्या टोकासारखी घडी घालायची. जमिनीवरच्या सुरकुत्या ओढून काढणेही आवश्यक आहे, कारण उभी राहिलेली घडी काँक्रीटच्या पोटात शिरते आणि तिथून तडा सुरू होऊ शकतो.

[दृश्य: काँक्रीट पसरते, पट्टी फिरते, वर चकाकणारे पाणी]

कागद खालची ओल अडवतो, तसेच काँक्रीटमधले पाणी कोरड्या वाळूने शोषून घेण्यालाही अडवतो. त्यामुळे मिश्रणातले जादा पाणी खाली न जाता वरच येते. हे चकाकणारे पाणी आटेपर्यंत थांबून मगच गुरमाळा फिरवून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा. ते आत दाबले, तर वरचा थर पुढे भुकटीसारखा सुटतो. पाणी वाढवून मिश्रण सैल केले, तर ही वाट पाहणे आणखी लांबते आणि आकुंचनही वाढते.

तळ कागदाने बंद असल्यामुळे स्लॅब फक्त वरून वाळतो आणि घाईने सुकू दिल्यास त्याच्या कडा वर उचलल्या जातात. म्हणून पृष्ठभाग किमान सात दिवस ओला व झाकलेला ठेवायचा, आणि काँक्रीट पुरेसे पक्के होईपर्यंत गाडी आत घ्यायची नाही.