हेलियमच्या फुग्याला किती उष्णता लागते?

नमस्कार मंडळी. आज थोडं फिजिक्स बोलूया. अकरावी-बारावीची मुलं ऐकत असतील तर कागद पेन घेऊन बसा, आकडे फार नाहीत पण लिहिलेले बरे.

मिरामारला संध्याकाळी फुगेवाले उभे असतात ना, त्यातलाच एक चांगला मोठा फुगा डोळ्यासमोर आणा, आत 8 ग्रॅम हेलियम, म्हणजे 2 मोल, साधारण 49 लिटर. तसाच दुसरा फुगा, त्यात नायट्रोजन, तोही 2 मोल, म्हणजे 56 ग्रॅम. दोन्ही सावलीत 27 डिग्रीला आहेत, उन्हात आणले की 37 होतात. फुगा फुगायला मोकळा आहे म्हणून आतला दाब जवळजवळ तोच राहतो (रबराचा ताण आपण सोडून देऊ). आता प्रश्न असा की कुठल्या फुग्याला जास्त उष्णता लागेल?

इथे डिग्रीज ऑफ फ्रीडम येतात. हेलियमचा अणू एकटा असतो, तो पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली एवढंच जाऊ शकतो, झाले तीन. नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू जोडलेले, तो या तीन दिशांना तर जातोच पण वर गिरक्याही घेतो, दोन प्रकारच्या, म्हणून पाच. इथे मुलं हमखास विचारतात की सर तिसरी गिरकी कुठे गेली, दोन अणूंना जोडणाऱ्या रेषेभोवतीची? तर सगळं वजन अणुकेंद्रात असतं आणि दोन्ही केंद्रं त्याच रेषेवर बसलेली, त्यामुळे ती गिरकी सुरू करायला क्वांटमच्या नियमाने एवढी ऊर्जा लागते की नेहमीच्या तापमानाला ती सुरूच होत नाही. हेलियमचा अणू स्वतःभोवती फिरतो असं आपण का धरत नाही, त्याचंही कारण हेच.

प्रत्येक डिग्री ऑफ फ्रीडममागे एका मोलला, तापमान एक डिग्री वाढवायला, अर्धा आर एवढी ऊर्जा लागते. आर म्हणजे 8.314 जूल. म्हणजे आकारमान बंद ठेवलं तर हेलियमची सीव्ही दीड आर, 12.5 जूल, आणि नायट्रोजनची अडीच आर, 20.8. दाब कायम ठेवला तर वायू पसरतो, पसरताना बाहेरच्या हवेला ढकलतो, त्या कामाचा एक आर वर द्यावा लागतो. म्हणून हेलियमची सीपी अडीच आर, 20.8, आणि नायट्रोजनची साडेतीन आर, 29.1.

आता गणित. उष्णता म्हणजे मोल गुणिले सीपी गुणिले तापमानातली वाढ. हेलियम, 2 गुणिले 20.8 गुणिले 10, 416 जूल. नायट्रोजन, 2 गुणिले 29.1 गुणिले 10, 582 जूल. बाहेरच्या हवेला ढकलण्याचं काम मात्र दोघांचं सारखंच, 166 जूल, कारण त्याला आत कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही, मोल आणि तापमान एवढंच बघायचं. पडताळून बघायचं असेल तर 49 लिटरचा फुगा 10 डिग्रीत साधारण 1.64 लिटर वाढतो, त्याला हवेच्या दाबाने, म्हणजे 101325 पास्कलने गुणलं की पुन्हा 166 च येतात. उरलेली उष्णता आत राहते, हेलियममध्ये 250, नायट्रोजनमध्ये 416, आणि तो फरक गिरक्यांनी खाल्लेला असतो.

पेपरात घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. प्रश्नात ग्रॅम दिलेले असतात आणि मुलं सरळ 20.8 ने गुणून मोकळी होतात. मोलवर बघितलं तर नायट्रोजन जास्त घेतो, पण ग्रॅमवर बघा, हेलियमचा मोल फक्त 4 ग्रॅमचा म्हणून एका ग्रॅमला 5.2 जूल, नायट्रोजनला 28 ने भागून जेमतेम 1.04. अगदी उलटं! तेव्हा आधी ग्रॅमचे मोल करा, आणि शेवटी एकूण उष्णतेतून आत राहिलेली वजा करून बघा, मोल गुणिले आर गुणिले तापमानवाढ एवढी येत नसेल तर कुठेतरी सीव्ही आणि सीपीची अदलाबदल झालीय.

आणि हो, हे पाच कायमचे पाच नाहीत बरं का. हायड्रोजन उणे 220 डिग्रीपर्यंत थंड केला की त्याच्या गिरक्याही थांबल्यासारख्या होतात, दोन अणूंचा असून तो हेलियमसारखा तीनच दाखवतो. उलट नायट्रोजन खूप तापवला की दोन अणू स्प्रिंगसारखे थरथरायला लागतात आणि सीपी हळूहळू वर सरकते, 1000 केल्विनला 29.1 ची साधारण 32.7 झालेली असते. म्हणजे उन्हातल्या फुग्याला साडेतीन आर बिनधास्त वापरा, भट्टीतल्या वायूचं गणित आलं तर मात्र सीपीचा तक्ता उघडा.