भोवत्या होता, पण कोणता?

नमस्कार श्रोतेहो. आमच्या निसर्गमंडळात या हिवाळ्यात बरेच नवे सदस्य आले आहेत. त्यांच्यासाठी, आणि माळावर दुर्बीण घेऊन जाणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी, आज भोवत्या या शिकारी पक्ष्याबद्दल बोलणार आहे. इंग्रजीत याला हॅरियर म्हणतात. ओळख पटली नाही तर ते कसं सांगायचं आणि वहीत कसं लिहायचं, हे शिकायला याच्याइतका चांगला पक्षी आपल्याकडे दुसरा नाही.

सासवड, बारामतीपासून सोलापूरपर्यंतच्या गवताळ माळांवर भोवत्ये सप्टेंबर-ऑक्टोबरपासून दिसू लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघून जातात. सडपातळ अंग, लांब पंख, लांब शेपटी. पंख किंचित वर उचलून तो गवताच्या अगदी जवळून तरंगत जातो, मध्येच वळतो आणि झपकन खाली उतरतो. ही चाल एकदा पाहिली की भोवत्या ओळखायला अडचण येत नाही. अडचण असते ती पुढे, जात ठरवताना.

आपल्या माळांवर मुख्यतः दोन जाती असतात, पांढुरका भोवत्या म्हणजे पॅलिड हॅरियर आणि माँटेग्यूचा भोवत्या. दोघांचे पूर्ण वाढलेले नर सरळ ओळखू येतात. पांढुरक्याचा नर फिकट राखाडी, जवळजवळ पांढराच, आणि पंखाच्या टोकाला काळी, निमुळती पाचर. माँटेग्यूचा नर जास्त गडद राखाडी, पंखाचं काळं टोक मोठं, आणि पंखाच्या वरच्या बाजूला मधोमध एक काळी रेघ. नर नीट दिसला तर बिनधास्त नाव लिहा. तिथे ‘बहुधा’ लिहिणं हासुद्धा खोटेपणाच आहे, कारण तुम्ही जे पाहिलंत त्यापेक्षा कमी सांगता आहात.

माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं मात्र दोन्ही जातींची तपकिरी असतात, आणि दोन्हींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असतो. नवखी मंडळी हा पट्टा पाहून खूश होतात, पण त्याने या दोघांत काहीच ठरत नाही.

मग ठरवायचं कशावरून? आधी वय बघा. पोट नारिंगी आणि बिनरेघांचं असेल तर ते पिल्लू. पोट फिकट आणि त्यावर उभ्या रेघा असतील तर मादी. पिल्लू असेल तर मान बघायची. पांढुरक्याच्या पिल्लाच्या गालामागे फिकट कॉलर असते आणि कॉलरच्या मागे मान गडद, त्यामुळे ती कॉलर उठून दिसते. माँटेग्यूच्या पिल्लाला अशी स्वच्छ कॉलर नसते आणि डोळ्याभोवती पांढरा भाग जास्त असतो. मादी असेल तर पंखाची खालची बाजू महत्त्वाची. पांढुरक्याच्या मादीत अंगाजवळची मोठी पिसं गडद दिसतात, बाहेरची फिकट. माँटेग्यूच्या मादीत अंगाजवळची पिसंही फिकट असतात आणि त्यांवर ठळक काळे पट्टे दिसतात.

आता एक प्रसंग सांगतो. संध्याकाळी भोवत्ये रातथाऱ्याला गवतात उतरतात तेव्हाचा. ऊन तिरपं झालेलं, पक्षी दोनेकशे मीटरवर, सूर्य त्याच्या मागे. एका नव्या सदस्याने आवाज दिला, “पॅलिड! पिल्लू!” लगेच आणखी तिघांना कॉलर दिसू लागली. मी विचारलं, “नाव ऐकण्याआधी कुणाला कॉलर दिसली होती?” कुणालाच नाही. पोटाचा नारिंगी रंग सगळ्यांनी पाहिला होता, पण त्या वेळच्या उन्हात फिकट पोटाची मादीसुद्धा नारिंगीच दिसते. म्हणजे आमच्या हातात वयही पक्कं नव्हतं. जमिनीवर उतरण्याआधी पक्ष्याने एकदा बाजू दाखवली, पण मान सावलीत गेली.

त्या नोंदीत आम्ही काय लिहिलं ते सांगतो. “भोवत्या, पांढुरका किंवा माँटेग्यूचा. मादी किंवा पिल्लू. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा स्पष्ट. पोट नारिंगी वाटलं, पण ऊन तिरपं. मान सावलीत, कॉलर तपासता आली नाही. पंखाची खालची बाजू दिसली नाही.” बस, एवढंच. ही नोंद अपुरी नाही. तिच्यात दोनच शक्यता उरल्या आहेत आणि त्या का उरल्या याचं कारण आहे. नुसतं ‘पॅलिड?’ असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं असतं, तर पाच वर्षांनी वही उघडणाऱ्याला ना पक्षी कळला असता, ना शंका.

या नोंदीतली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आम्ही ‘कॉलर नव्हती’ असं लिहिलं नाही. कॉलर नव्हती असं म्हणायचं असेल तर मान चांगल्या उजेडात, बाजूने दिसायला हवी. तसं झालं तर ती माँटेग्यूच्या बाजूची खूण होते. मान दिसलीच नाही तर ती कुणाच्याच बाजूची खूण नाही. नव्या सदस्यांच्या वह्या तपासताना माझं लक्ष सगळ्यात आधी इथेच जातं. खूण तपासली आणि सापडली नाही, की तपासताच आली नाही?

हे इतकं ताणायचं कारण आहे. पांढुरका भोवत्या जागतिक पातळीवर संकटाच्या उंबरठ्यावरचा मानला जातो, माँटेग्यूचा नाही. एखाद्या माळावर या जातीचे किती पक्षी उतरतात हा आकडा पुढे तो माळ वाचवायच्या चर्चेत वापरला जातो. ओळख न पटलेले सगळे पक्षी आपण सवयीने पांढुरके लिहिले, तर तो आकडा फुगेल, आणि पुढच्या वर्षी कुणी काटेकोर मोजणी केली की पक्षी घटले असं दिसेल. घट झालेलीच नसेल. त्यापेक्षा तीन रकाने ठेवा: पांढुरके, माँटेग्यूचे आणि जात न ठरलेले भोवत्ये. तिसरा रकाना पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा भरला तर भरू दे. रातथाऱ्यावर तसंच होतं.

रविवारी आपण जाऊ तेव्हा एक पद्धत पाळायची आहे. पक्षी दिसला की आधी खुणा बोलायच्या, नाव नंतर. आणि सुरुवात सगळ्यात नव्या सदस्याने करायची, माझ्यासारख्या जुन्याने शेवटी. जुन्या माणसाने नाव घेतलं की बाकीच्यांच्या डोळ्यांना तेच दिसू लागतं, आणि मग चार जणांचं मत हे खरं तर एकाचंच मत असतं. कॅमेरा असेल त्याने एक सुबक फोटो मिळवायच्या मागे न लागता सलग पाच-सात फोटो काढावेत. त्यातल्या एखाद्यात पंख वर असतो आणि खालची बाजू दिसते. अंधुक फोटो लगेच पुसू नका. घरी उजेड वाढवून पाहिल्यावर मानेचा रंग कळला तर नोंद सुधारता येते. सुधारताना जुनी ओळ खोडायची नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहायचं की फोटोत कॉलर दिसली, म्हणून आता पांढुरका.

आणि नीट दिसावं म्हणून रातथाऱ्याच्या गवतात शिरायचं नाही. उतरलेले पक्षी अंधारात उठले तर त्यांना दुसरी जागा शोधत भटकावं लागतं. आपण कच्च्या रस्त्यावरच थांबायचं, सूर्य पाठीशी घेऊन, म्हणजे पक्ष्यांच्या पश्चिमेला. साडेचारपर्यंत जागेवर पोहोचा, उजेड चांगला असताना येणारे पहिले काही पक्षी तरी नावानिशी लिहिता येतील.