रिलेची बेरीज आणि पाण्याबाहेरचा अर्धा सेकंद

माझं म्हणणं एवढंच आहे की चार जणांच्या वेळा मिळवून पोहण्याच्या मेडले रिलेचा, म्हणजे चौघं चार वेगळ्या प्रकारांनी पोहतात त्या शर्यतीचा, अंदाज निघत नाही. पण आधी एक किस्सा, कारण तो अजून मनातून जात नाही.

एका निवडीत शेवटच्या फ्रीस्टाईलच्या टप्प्यासाठी दोन मुलं होती. एकाची वैयक्तिक वेळ 51.20, दुसऱ्याची 50.90. दुसऱ्याला घेतलं. मी कागद मागवून पाहिला, तर 50.90 ही रिलेतली वेळ निघाली! जोडीदाराचा हात भिंतीला लागल्यावर 0.10 सेकंदात या मुलाचे पाय ब्लॉकवरून सुटले होते. वैयक्तिक शर्यतीत इशारा झाल्यावर त्याला सुटायला 0.70 लागतात. म्हणजे त्याची खरी वेळ 51.50. तीन दशांशांनी मागे असलेला मुलगा संघात आला आणि पुढे असलेला गॅलरीत बसला. तो काही बोलला नाही, नुसता गॉगलचा पट्टा ओढत राहिला. दोन वेगळ्या मापांच्या वेळा शेजारी ठेवू नका हो!

हा फरक येतो कुठून? इशारा अचानक होतो, पण येणारा जोडीदार दिसत असतो. त्यामुळे हात लागायच्या आधीच अंग झेप घेऊ लागतं. पाय मात्र सुटलेले नसावेत. यंत्रावर उणे 0.03 पर्यंत, म्हणजे हात लागायच्या 0.03 सेकंद आधी सुटले तरी चालतं, त्यापलीकडे संघ बाद.

वेळ संपत आली असं अध्यक्ष खुणावताहेत, तेव्हा हिशेब भराभर सांगतो. बॅकस्ट्रोक 58.40, ब्रेस्टस्ट्रोक 1:05.30, बटरफ्लाय 55.60, फ्रीस्टाईल 51.20. बेरीज 3:50.50. बॅकस्ट्रोकवाला पाण्यातून, इशाऱ्यावरच निघतो. त्याचं काही वजा करायचं नाही. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, चौघांचंही वजा केलं जातं. उरलेल्या तिघांचे सुटण्याचे वेळ 0.70, 0.68, 0.72. जोडीदाराचा हात लागल्यापासून पाय सुटेपर्यंतचा, सरावात सांभाळून जमणारा बदल 0.20 धरला, तर वाचतात 0.50, 0.48 आणि 0.52. एकूण दीड सेकंद. अंदाज 3:49.00.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा ड्रेसेल बटरफ्लाय वैयक्तिक 49.45 मध्ये पोहला, रिलेत 49.03. फरक 0.42, आपल्या हिशेबाजवळचा. ब्रिटनच्या पीटीचा ब्रेस्टस्ट्रोक मात्र 57.37 वरून 56.53 वर आला, 0.84 चा फरक. एवढं नुसत्या बदलातून मिळत नाही. तो खरोखरच जास्त वेगाने पोहला. असं कुणाचं दिसलं तर ते पुढच्या अंदाजात धरू नका. आणि 0.20 सुद्धा फ्रीस्टाईलवाल्यासाठी जपून धरा: थकलेला बटरफ्लायवाला भिंतीपाशी कधी अर्धा हात जास्त मारतो, कधी नुसताच सरकत येतो, आणि वर ब्लॉकवर उभ्या असलेल्याचा अंदाज तिथेच चुकतो.