वॉरंटीची तरतूद : दाव्यांचा दर कोणत्या विक्रीवर काढायचा?

मिक्सर विकला गेला की त्याचे पैसे त्या वर्षीच्या उत्पन्नात येतात. पण दोन वर्षांची वॉरंटी दिलेली असेल तर त्या विक्रीमुळे अंगावर आलेला दुरुस्तीचा खर्च पुढची दोन-अडीच वर्षे होत राहतो. म्हणून ३१ मार्चला ताळेबंद करताना विकलेल्या मालापोटी अजून किती खर्च यायचा आहे, याचा अंदाज बांधून तेवढी तरतूद करावी लागते. इंड एएस ३७ असो किंवा लेखा मानक २९, अपेक्षा एकच आहे: बांधिलकी विक्रीच्या क्षणी निर्माण झाली आहे, तेव्हा तिचा विश्वासार्ह अंदाज त्याच वर्षीच्या हिशेबात आला पाहिजे. हा अंदाज कसा काढायचा आणि तो बहुतेक वेळा कुठे चुकतो, याविषयी आज मी बोलणार आहे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे गोदाम भिवंडीला आहे आणि माल लोहार चाळीतल्या घाऊक व्यापाऱ्यांमार्फत मुंबईभर जातो. तिने २०२२-२३ मध्ये २०,०००, २०२३-२४ मध्ये ३०,००० आणि २०२४-२५ मध्ये ४५,००० मिक्सर विकले. २०२४-२५ या वर्षात सर्व्हिस सेंटरांकडे एकूण २,१२५ दावे आले. आता पुष्कळ ठिकाणी जे केले जाते ते असे, की यंदाच्या दाव्यांना यंदाच्या विक्रीने भागायचे, म्हणजे दर ४.७ टक्के येतो, आणि तोच दर यंदाच्या विक्रीला लावून तरतूद काढायची. हे गणित करायला सोपे आहे, परंतु विक्री वाढत असताना ते हमखास कमी उत्तर देते, कारण अंशस्थानी जुन्या, लहान वर्षांच्या मालाचे दावे आहेत आणि छेदस्थानी नव्या, मोठ्या वर्षाची विक्री आहे.

यावर उपाय असा, की प्रत्येक दावा ज्या वर्षी आला त्या वर्षाखाली न मांडता, तो मिक्सर ज्या वर्षी विकला गेला त्या वर्षाखाली मांडायचा. त्यासाठी जॉबशीटवरचा अनुक्रमांक विक्रीच्या नोंदीशी जुळवावा लागतो. काम किचकट आहे, तरीही सगळा अंदाज त्यावरच उभा राहतो. आपल्या कंपनीत असे मांडल्यावर दिसते की २०२२-२३ च्या २०,००० मिक्सरांपैकी ३०० विक्रीच्या वर्षातच परत आले, ७०० पुढच्या वर्षी आणि ४०० तिसऱ्या वर्षी. म्हणजे अनुक्रमे दीड, साडेतीन आणि दोन टक्के, एकूण ७ टक्के. २०२३-२४ च्या मालाचे ४५० आणि १,०५० दावे येऊन गेले आहेत, तेही याच दराने. त्याचे तिसरे वर्ष बाकी आहे, म्हणजे ३०,००० वर दोन टक्के, ६०० दावे. यंदाच्या ४५,००० पैकी ६७५ येऊन गेले. उरलेले साडेपाच टक्के म्हणजे २,४७५ दावे अजून यायचे आहेत. दोन्ही मिळून ३,०७५.

आता एका दाव्याचा सरासरी खर्च. इथे सुट्या भागाची छापील किंमत घेऊ नये. कंपनीला तो भाग जितक्याला पडतो ती किंमत, सर्व्हिस सेंटरला प्रत्येक जॉबमागे दिले जाणारे पैसे आणि ने-आण हे सर्व धरावे. सगळ्या दाव्यांची एकच सरासरी काढण्यापेक्षा दुरुस्तीच्या प्रकारांप्रमाणे ती बांधणे बरे. समजा ७८ टक्के दावे कपलर, स्विच किंवा जारच्या पात्याचे असून त्यांना ३५० रुपये लागतात, १७ टक्क्यांत मोटार बदलावी लागते आणि ती १,१०० रुपयांना पडते, तर ५ टक्क्यांत पूर्ण नग द्यावा लागून २,४०० रुपये खर्च येतो. सरासरी ५८० रुपये होते आणि तरतूद १७,८३,५०० रुपये. आधीच्या सोप्या पद्धतीने २,१२५ मधून येऊन गेलेले ६७५ वजा करून १,४५० दावे उरले असते आणि तरतूद ८,४१,००० रुपये झाली असती, म्हणजे निम्म्याहूनही कमी. प्रकारवार बांधणीचा आणखी एक फायदा असा, की तांबे महागून मोटार १,३०० रुपयांना पडू लागली तर सरासरी ६१४ होते हे लगेच कळते. दुरुस्ती पुढे व्हायची असल्यामुळे दरही पुढचेच धरले पाहिजेत.

या उदाहरणात मी एक गोष्ट मुद्दाम सोडली होती. कंपनीच्या पुस्तकात विक्री व्यापाऱ्याकडे माल रवाना झाला तेव्हा नोंदली जाते, मात्र वॉरंटी ग्राहकाच्या बिलाच्या तारखेपासून सुरू होते. मार्च २०२३ मध्ये रवाना झालेला मिक्सर दुकानात तीन महिने पडून राहिला, तर त्याची वॉरंटी जून २०२५ पर्यंत चालते आणि त्याचा दावा चौथ्या वर्षात येतो. सगळ्यात जुन्या मालाचाही हा रकाना अजून भरलेला नसतो, आणि कोरा रकाना म्हणजे शून्य असे समजले जाते. हा शेपटीचा दर ०.३ टक्के धरला तरी तिन्ही वर्षांच्या ९५,००० मिक्सरांवर २८५ दावे, म्हणजे सुमारे १.६५ लाख रुपये वाढतात. विक्री दिवाळीच्या सुमारास एकवटत असेल, तर वर्षाऐवजी महिन्याप्रमाणे मांडणी करणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत कठीण प्रश्न नव्या मालाचा आहे. समजा यंदाच्या मालाचा पहिल्या वर्षाचा दर दीडऐवजी २.१ टक्के आला. याचे दोन अर्थ निघू शकतात. तक्रार मोबाइलवरून नोंदवण्याची सोय केल्यामुळे तेच दावे लवकर आले असतील, तर एकूण ७ टक्केच राहतील आणि बाकी ४.९ टक्क्यांवर येईल. परंतु एखाद्या खेपेचा कपलर खराब असेल, तर पुढचे दरही त्याच प्रमाणात वाढून बाकी ७.७ टक्के होईल. दोहोंतला फरक २.८ टक्के, म्हणजे १,२६० दावे आणि ७,३०,८०० रुपये इतका आहे. आकड्यांच्या बेरजेत याचे उत्तर सापडणार नाही. जॉबशीटवरचे बिघाडाचे कारण आणि अनुक्रमांक पाहावे लागतात. एकाच खेपेत एकच बिघाड दाटलेला दिसला तर खेप सदोष आहे. सर्व खेपांत सारखी वाढ असून बिघाडांचे प्रमाण पूर्वीचेच असेल तर दावे लवकर येत आहेत. सदोष भागाचे पैसे पुरवठादाराकडून मिळणार असले, तरी ती वसुली जवळजवळ निश्चित असेल तेव्हाच स्वतंत्र मालमत्ता म्हणून दाखवता येते. ताळेबंदातल्या तरतुदीतून ती वजा करता येत नाही.

ही मांडणी जपून ठेवण्याला प्राप्तिकराच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. रोटॉर्क कंट्रोल्सच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीच्या तरतुदीची वजावट मान्य केली, ती पूर्वीच्या दाव्यांच्या कलावर आधारलेल्या विश्वासार्ह अंदाजामुळे. विक्रीवर सरसकट ठरावीक टक्के लावणाऱ्याला त्या निकालाचा आधार घेणे अवघड जाईल.

पुढच्या ३१ मार्चला हाच अंदाज तपासायचा असतो. २०२३-२४ च्या मालाचे तिसऱ्या वर्षी ६०० दावे धरले होते. प्रत्यक्षात ७२० आले, तर जास्तीच्या १२० दाव्यांचे ६९,६०० रुपये त्या नव्या वर्षाच्या नफा-तोट्यात जातात आणि मागचे ताळेबंद तसेच राहतात, कारण हा अंदाजातला बदल आहे. परंतु ३१ मार्चपूर्वीच मिळालेल्या जॉबशीट मोजायच्या राहून गेल्या होत्या असे आढळले, तर ती चूक ठरते. इंड एएस लागू असेल आणि रक्कम लक्षणीय असेल, तर मागच्या वर्षाचे आकडे दुरुस्त करून पुन्हा दाखवावे लागतात.