ड्रमर नसलेल्या बँडचा ठेका

5 जुलै 1954. मेम्फिसमधला सॅम फिलिप्स यांचा छोटासा स्टुडिओ. गायला आणि साध्या गिटारवर एल्विस प्रेस्ली, इलेक्ट्रिक गिटारवर स्कॉटी मूर, डबल बासवर बिल ब्लॅक. बस, तिघंच. ड्रमर नाही. तरीही त्या रात्रीचं ‘दॅट्स ऑल राइट’ ऐकताना मागून कुणीतरी आपल्याला ढकलतंय असं वाटतं. हा ढकलणारा कोण, ते आज शोधू या.

अर्धं काम बासचं. माणसाच्या उंचीचं ते वाद्य, त्यावर जाड तार. वादक तार नुसती छेडत नाही. बोटाने ओढून सोडतो. ती खालच्या लाकडी पट्टीवर आपटते आणि सुरासोबत ‘टक’ ऐकू येतं. पुढच्या ठोक्याला तो उघडा पंजा तारांवर थापतो. तिथे सूर नाही, नुसता ‘चट’. पहिल्या-तिसऱ्या ठोक्याला सूर, दुसऱ्या-चौथ्याला चापट. म्हणजे ढोल आणि चटचटीत आवाजाचा स्नेअर ड्रम दोन्ही एकाच माणसाच्या हातात! तात, म्हणजे आतड्याची तार, यासाठी उत्तम, कारण ती सैल असते आणि ओढायला हाताखाली येते. तार पट्टीला फार जवळ असेल, तर आपटायला जागाच उरत नाही.

उरलेलं अर्धं काम टेपचं. फिलिप्स तोच आवाज दुसऱ्या रेकॉर्डरवरही पाठवत. टेप आधी रेकॉर्डिंग हेडपाशी येते, मग थोडी पुढे सरकून प्लेबॅक हेडपाशी. दोन्हींमध्ये सुमारे 2 इंच अंतर आणि टेपचा वेग सेकंदाला 15 इंच धरला, तर आवाज 0.13 सेकंद उशिरा परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. एकदाच. हाच स्लॅपबॅक.

आता हे बघा. मिनिटाला 200 ठोक्यांचं गाणं असेल, तर ठोका 0.30 सेकंदाचा आणि अर्धा ठोका 0.15 चा. प्रतिध्वनी त्या अर्ध्याच्या किंचित आधी पडतो. (टेबलावर बोटांनी वाजवून) टक-क, चट-ट, टक-क, चट-ट. ऐकलंत? ही घाई तिथून येते. सगळे एकाच खोलीत वाजवत, त्यामुळे गायकाच्या माइकमध्ये बासची चापटही शिरते आणि तीही दुणावते.

मात्र हे जपून करावं लागतं. टेपचा वेग निम्मा केला, तर प्रतिध्वनी 0.27 सेकंदांवर जातो. तो पुढच्या ठोक्याच्या अगदी अंगावर येतो आणि चापटा एकमेकींत गुंततात. परतलेला आवाज फार मोठा ठेवला, की शब्द लपतात.

जानेवारी 1956 मध्ये एल्विस आरसीए कंपनीसाठी नॅशव्हिलमध्ये ‘हार्टब्रेक हॉटेल’ गायला. तिथे प्रतिध्वनीसाठी इमारतीतला कॉरिडॉर वापरला. कॉरिडॉरमधून एकच टोकदार ‘ट’ परत येत नाही. भिंतीभिंतींवरून आवाज पसरत येतो. गाणं सुरेख झालं, पण त्यात माणूस रिकाम्या इमारतीत एकटा उभा आहे असं वाटतं. मेम्फिसची ती घाई त्यात नाही. आज घरी गेल्यावर दोन्ही लागोपाठ लावा आणि फक्त शब्दांच्या शेपटीकडे लक्ष द्या.